दिसलेला तडा आणि काढलेला निष्कर्ष

‘शेजारच्या प्लॉटवरील खोदकामामुळे नैर्ऋत्य कोपऱ्याचा पाया खचला असून दक्षिणेकडील भिंतीला मोठा व धोकादायक तडा गेला आहे.’ घरांच्या पाहणी अहवालांत अशा धाटणीचे वाक्य नेहमी आढळते. वाचायला ते ठाम वाटते आणि घरमालकाला हवे तेच सांगते. पण पाहणीला गेलेल्या अभियंत्याने त्यातले प्रत्यक्ष काय पाहिले, असे विचारले तर हाती फार थोडे उरते. भिंतीवर एक रेघ दिसली, एवढेच. पाया जमिनीखाली होता, तो कोणी पाहिला नाही. खचण्याची क्रिया कोणासमोर घडली नाही. खोदकामाचा खड्डा दिसला असेल, पण ‘खोदकामामुळे’ हा दुवा दिसत नसतो, तो जोडावा लागतो. ‘मोठा’ आणि ‘धोकादायक’ ही तर सरळ सरळ मते आहेत.

ही मते चुकीचीच असतात असे नाही. अहवाल मागवणाऱ्याला कारण हवे असते, उपाय हवा असतो, आणि तो सांगण्यासाठीच अभियंत्याला बोलावलेले असते. प्रश्न मत देण्याचा नसून ते निरीक्षणाच्या पोटात दडवण्याचा आहे. एकदा ते असे मिसळले की दुसऱ्या अभियंत्याला ते तपासता येत नाही. तडा तर दुरुस्तीनंतर गिलाव्याखाली जातो, आणि पुढे वाद उभा राहिला तर मूळ स्थितीचा पुरावा म्हणून अहवालातले शब्दच उरतात. त्या शब्दांत चार मिलिमीटर रुंदी आणि कोरड्या कडा नोंदवलेल्या असतील तर त्यावरून नवा विचार करता येतो. ‘पाया खचल्याचा तडा’ एवढेच लिहिलेले असेल तर पहिल्याचे मत मानणे किंवा नाकारणे याखेरीज काही करता येत नाही.

वेगळेपणा कसा राखायचा हे एका नमुन्याच्या घरावरून पाहणे सोपे जाईल. विदर्भातल्या काळ्या मातीवर बांधलेले एकमजली घर धरावे. भिंती नऊ इंची विटांच्या आणि त्याच भार घेणाऱ्या, जोते दगडी, वर काँक्रीटचा स्लॅब. पाहणी मे महिन्यात झाली. दक्षिणेच्या भिंतीत एक खिडकी आहे आणि तिच्यापासून नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत साधारण दीड मीटर भिंत आहे. पश्चिमेला शेजाऱ्याने नव्या घराच्या पायासाठी खड्डे घेतले आहेत. मालकाची तक्रार वरच्या वाक्यातलीच आहे.

पहिली अडचण ‘भिंतीला’ या शब्दापाशीच येते. पाहणाऱ्याला दिसतो तो गिलाव्यावरचा तडा. गिलावा सुकताना आक्रसतो आणि त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्यांचा आतल्या वीटकामाशी काही संबंध नसतो. जुना गिलावा विटांपासून सुटला, ठोकल्यावर बद्द वाजू लागला, तर तोही फुटतो. उलट, आतले वीटकाम सांध्यासांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी फाटलेले असताना वरच्या जाड गिलाव्यावर जवळजवळ सरळ रेघ दिसू शकते. म्हणून गिलावा काढून पाहिलेला नसेल तर ‘दक्षिण भिंतीच्या बाहेरील गिलाव्यावर तडा दिसला’ असेच लिहायला हवे. भिंतीच्या आतल्या बाजूला त्याच उंचीवर, त्याच वळणाने तडा दिसत असेल तर तो आरपार असल्याचे अनुमान बळकट होते, पण तरीही ते अनुमानच राहते. मालकाच्या परवानगीने तड्यावर आडवी, वीतभर रुंद पट्टी काढली आणि विटा उघड्या केल्या, की त्याचे निरीक्षण होते. नमुन्याच्या घरात अशी पट्टी एका जागी काढली. तडा विटा न फोडता आडव्या-उभ्या सांध्यांतून चढत गेलेला दिसला. अहवालात ही नोंद जाईल, आणि पट्टी नेमकी कुठे काढली हेही जाईल. बाकी ठिकाणी वीटकाम पाहिलेले नाही, हे त्यातून आपोआप कळते.

त्यानंतर मोजमाप. तड्याची रुंदी पारदर्शक पट्टीवर छापलेल्या रेघांशी जुळवून किंवा पत्र्यांच्या गेजने घेतात. ती एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही, कारण रुंदी कुठून कुठे वाढते यातच कारणाची बरीचशी खूण असते. आपल्या घरात तडा खिडकीच्या वरच्या, कोपऱ्याकडील टोकापासून निघतो आणि कोपऱ्याच्या दिशेने तिरपा चढत स्लॅबखाली साधारण 150 मिलिमीटरवर संपतो. खिडकीपाशी रुंदी 1.5 मिलिमीटर, मध्यावर 2.5, वरच्या टोकाशी 4. खिडकीच्या खालच्या, विरुद्ध बाजूच्या टोकापासून आणखी एक तडा खाली उतरतो. तो अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि जोत्यापर्यंत पोहोचण्याआधीच दिसेनासा होतो. तड्याच्या दोन कडा एकाच प्रतलात आहेत की एक बाजू बाहेर आली आहे, हे सरळ पट्टी लावून पाहायचे. तीही नोंद. फोटोत पट्टी किंवा मापाची टेप दिसली पाहिजे, आणि एक फोटो इतक्या दुरून हवा की तडा कोणत्या भिंतीवर, कोणत्या खिडकीजवळ आहे ते कळावे. नुसता जवळून घेतलेला फोटो भयंकर दिसतो, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

मिलिमीटर हे निरीक्षण आणि ‘मोठा’ हे मत, हा भेद काहींना कीस काढण्यासारखा वाटेल. पण भारतीय मानक ब्यूरोच्या 1984 सालच्या एसपी 25 या इमारतींच्या तड्यांवरील पुस्तिकेत एक मिलिमीटरच्या आतला तडा बारीक, एक ते दोनमधला मध्यम आणि दोनच्या वरचा रुंद मानला आहे. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या, घरांच्या नुकसानीच्या श्रेणी ठरवणाऱ्या तक्त्यात मात्र पाच मिलिमीटरपर्यंतचे तडे साधारणपणे किरकोळ नुकसानीत जमा होतात, कारण त्या श्रेणी दुरुस्ती किती अवघड आहे यावर बेतलेल्या आहेत. म्हणजे आपला चार मिलिमीटरचा तडा एका पुस्तिकेप्रमाणे रुंद आणि दुसऱ्या तक्त्याप्रमाणे किरकोळ. दोन्ही आपापल्या हेतूने बरोबर आहेत. आकडा लिहिला असेल तर वाचणाऱ्याला कोणताही तक्ता लावता येतो. नुसते विशेषण लिहिले तर लिहिणाऱ्याच्या मनात कोणता तक्ता होता हे कोणालाच कळत नाही. श्रेणी द्यायची असल्यास ती मतांच्या भागात, तक्त्याचे नाव घेऊन द्यावी.

आकड्यांइतकीच किंमत तड्याच्या आतल्या अवस्थेला असते, आणि घाईच्या पाहणीत नेमकी तीच सुटते. विजेरीचा उजेड तिरपा टाकला की कडा धारदार आहेत की झिजून बोथट झाल्या आहेत, आत धूळ, जाळी, कोळिष्टके आहेत का, रंग आत उतरला आहे का, हे दिसते. नमुन्याच्या घरात खालच्या अर्ध्या भागात तड्याच्या आतल्या कडांवर रंगाचा थर सापडला. वरच्या भागात पूर्वी कधी तरी भरलेली लांबी एका कडेला चिकटून राहिली होती आणि दुसरीकडे तिच्यात व विटेत एक मिलिमीटरभर स्वच्छ फट होती. ‘तडा जुना आहे’ हे यातून काढलेले मत झाले. नोंद अशी हवी: ‘खिडकीच्या वरच्या टोकापासून 600 मिलिमीटर उंचीपर्यंत तड्याच्या आतल्या पृष्ठावर भिंतीच्याच रंगाचा थर. त्यावरच्या भागात जुने भरण. भरण व वीट यांत सुमारे 1 मिलिमीटर फट. फटीत धूळ नाही.’ लांबलचक वाटते, पण पुढचा सगळा वाद या तीन ओळींवर ठरणार आहे.

मग येते मालकाचे बोलणे. ‘दोन महिन्यांपूर्वी खोदकाम सुरू झाले आणि त्यानंतरच तडा दिसला’, ‘रंग चार वर्षांपूर्वी दिला’. अभियंत्याने यातले काहीही पाहिलेले नाही आणि हे त्याचे मतही नाही. ही ऐकीव माहिती आहे. कोणी सांगितली ते लिहून ती स्वतंत्र ठेवायची. अहवालातल्या कितीतरी चुका इथे जन्मतात: मालक सांगतो, अभियंता वहीत टिपतो आणि टंकलेखनाच्या वेळी ‘मालकांच्या सांगण्याप्रमाणे’ हे शब्द गळून पडतात. उरते ते निरीक्षणासारखे दिसणारे वाक्य. शेजाऱ्याला विचारले असते तर त्याने कदाचित वेगळेच सांगितले असते. त्याला विचारले की नाही, हेही अहवालात यायला हवे.

जे पाहता आले नाही त्याची नोंद सर्वांत कमी वेळा होते. ‘आतल्या भिंतींना तडे नाहीत’ आणि ‘आतल्या भिंतींवर तडे दिसले नाहीत, शयनगृहाची पश्चिमेची भिंत कपाटामागे असल्याने पाहिली नाही’ या दोन वाक्यांत बरेच अंतर आहे. पाया उघडून पाहिला नाही, गच्चीवर जाता आले नाही, माती तपासली नाही, हे सांगण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. उलट, ‘आढळले नाही’ म्हणजे शोधले आणि नव्हते, की शोधलेच नाही, हे वाचणाऱ्याला कळले नाही तर पुढचे मत कितपत टिकेल याचा अंदाज त्याला येत नाही. या घरात स्लॅब आणि भिंत यांच्या मधला सांधा मुद्दाम पाहिला गेला आणि तिथे आडवा तडा दिसला नाही. ही नकारात्मक नोंद पुढे उपयोगी पडते.

आता समपातळी. पारदर्शक नळीत पाणी भरून, जुन्या गवंड्यांच्या पद्धतीने, जोत्याच्या वरच्या कडेची पातळी घेतली. नैर्ऋत्य कोपरा दक्षिण भिंतीच्या मध्यापेक्षा 14 मिलिमीटर खाली निघाला. इथे कोणाचेही पेन घसरते आणि ‘कोपरा 14 मिलिमीटर खचला’ असे लिहिले जाते. पण जोते बांधताना ते तंतोतंत समपातळीत होते, हे कोणी तपासले होते? दगडी जोत्यात थोडाफार चढउतार बांधकामाच्या दिवसापासूनच असू शकतो. खात्री करायची तर विटांच्या एखाद्या थराची, खिडकीच्या तळाची आणि स्लॅबच्या खालच्या कडेचीही पातळी घ्यावी लागते. सगळ्याच रेषा त्या कोपऱ्याकडे जवळपास सारख्याच उतरत असतील तर बांधकामानंतर कोपरा खाली गेल्याचे मत पटण्याजोगे होते. फक्त जोत्याची रेघ उतरत असेल आणि वरच्या रेषा सरळ असतील, तर गवंड्याने सुरुवातीलाच थर जाड-पातळ करून ती चूक भरून काढली असणार.

इथवर सगळा पहिला भाग झाला. मतांचा भाग त्यानंतर, वेगळ्या शीर्षकाखाली, आणि प्रत्येक मतासमोर ते ज्या नोंदींवर उभे आहे त्यांचे क्रमांक. क्रमांक घालण्याचा शिरस्ता कंटाळवाणा असला तरी फार उपयोगी असतो: ज्या मतासमोर लिहायला एकही क्रमांक सापडत नाही ते मत कुठून आले, हे लिहिणाऱ्याला स्वतःलाच विचारावे लागते.

नमुन्याच्या घरात निदान दोन कारणे समोर ठेवून तपासावी लागतील. काँक्रीटचा स्लॅब उन्हात तापून प्रसरण पावतो. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान 25 अंशांनी वाढले तर तो अडीच मिलिमीटरच्या आसपास लांबतो. खालची भिंत तेवढी तापत नाही, आणि विटांचे प्रसरणही काँक्रीटपेक्षा कमी असते. या ओढाताणीत वरच्या मजल्याच्या कोपऱ्यांजवळ तिरपे तडे जातात, आणि तेही वर रुंद, खाली अरुंद. म्हणजे नुसता आकार पाहिला तर आपला तडा या वर्णनातही बसतो. परंतु स्लॅबखाली आडवा तडा नाही, खिडकीच्या खालीही तडा उतरलेला आहे आणि तिन्ही-चारही रेषा कोपऱ्याकडे उतरतात. या नोंदी स्लॅबच्या प्रसरणापेक्षा कोपरा खाली गेल्याच्या बाजूने बोलतात. कोपरा खाली जाताना भिंतीचा तेवढा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित कलतो. म्हणून त्या कोपऱ्याकडे चढत जाणारा आणि वर उघडणारा तडा त्याच्याशी जुळतो.

कोपरा खाली का गेला, हा पुढचा आणि अधिक निसरडा प्रश्न. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. घराच्या मध्याखालची माती सावलीत राहते, कडेची आणि कोपऱ्यांची आधी सुकते. म्हणून उन्हाळ्यात कोपरे खाली जातात आणि पाऊस पडल्यावर वर येतात. पाहणी मे महिन्यात झाली आहे हे इथे विसरून चालणार नाही. दुसरीकडे, गच्चीच्या पाण्याचा नळ याच कोपऱ्याच्या पायथ्याशी मोकळा सुटतो अशी एक नोंद आहे. आणि तिसरा, शेजारचा खड्डा: भिंतीपासून दोन मीटरवर, दीड मीटर खोल, कडेला आधार नाही. खड्डा पायाच्या तळापेक्षा खोल आहे की नाही हे पाया उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

रंगाच्या थराची नोंद आता कामी येते. ज्या भागात रंग आत उतरला आहे तो भाग शेवटच्या रंगकामाच्या वेळी उघडा होता, हे मत अगदी भक्कम आहे. रंगकाम चार वर्षांपूर्वीचे, ही मालकाची माहिती. ती खरी असेल तर तडा खोदकामापेक्षा जुना ठरतो. भरणाच्या कडेची स्वच्छ फट मात्र भरल्यानंतर तडा पुन्हा उघडल्याचे सुचवते. ही एक मिलिमीटरची वाढ दोन महिन्यांतली आहे की यंदाच्या उन्हाळ्याची की गेल्या काही वर्षांतली, ते फटीकडे पाहून कळत नाही. धूळ नाही म्हणजे फार जुनी नसावी, एवढेच. तेव्हा अहवालातले मत असे काही उतरेल: ‘तड्याचा मोठा भाग शेवटच्या रंगकामाआधीचा आहे. नैर्ऋत्य कोपरा उरलेल्या घराच्या मानाने खाली गेल्याने तो पडला असण्याची शक्यता अधिक आहे. अलीकडे रुंदी काहीशी वाढली आहे; त्यात मातीच्या ऋतुमानी हालचालीचा वाटा किती आणि शेजारच्या खोदकामाचा किती, हे एका पाहणीतून वेगळे करता येत नाही.’ मालकाला हे आवडणार नाही. शेजाऱ्यालाही पूर्ण सुटका मिळत नाही.

शिफारशी मतांहूनही वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण मत अपुरे असतानाही काही गोष्टी लगेच करायच्या असतात. खड्ड्याच्या कडेला आधार देणे आणि गच्चीचे पाणी कोपऱ्यापासून दूर नेणे यासाठी कारण सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते. कोपऱ्याजवळ एक छोटा खड्डा घेऊन पायाची खोली आणि खालची माती पाहणे ही दुसरी शिफारस. तिसरी म्हणजे तड्यावर खुणा बसवून मापे घेत राहणे. यासाठी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते. काच फुटली की हालचाल झाली एवढे कळते. किती झाली आणि कोणत्या दिशेने, ते कळत नाही, आणि तडा मिटतो आहे की उघडतो आहे हेही सांगता येत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना पक्के स्क्रू बसवून त्यांच्यातले अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर महिन्याला मोजणे स्वस्तही आहे आणि जास्त बोलके. प्रत्येक मापासोबत तारीख, वेळ आणि हवामान लिहायचे, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी मोजायचे, कारण दुपारच्या उन्हानेही मापात फरक पडतो.

समजा, तड्याची रुंदी मेमध्ये 4, सप्टेंबरअखेर 2.6 आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा 4.1 भरली, तर माती फुगते-आक्रसते तसा तडा मिटतो-उघडतो असे म्हणता येईल. तीच मापे 4, 4.7, 5.3 अशी चढत गेली, पावसातही मागे फिरली नाहीत, तर ऋतूचे कारण मागे पडते आणि खड्डा, पाणी किंवा पायाखालचा भराव यांकडे वळावे लागते. दोन्ही प्रसंगी मत बदलेल किंवा पक्के होईल, पण पहिल्या भेटीच्या नोंदींतला एकही शब्द बदलावा लागणार नाही. जर बदलावा लागला, तर तो शब्द मुळात निरीक्षण नव्हता.

‘सेटलमेंट क्रॅक’, ‘स्ट्रक्चरल क्रॅक’, ‘गळतीचा डाग’ ही नावे नोंदींच्या भागात याच कारणाने खुपतात. डाग हा डाग असतो. तो कुठे आहे, केवढा आहे, हाताला ओला लागतो का, कडेला पांढरे क्षार साचले आहेत का, हे लिहिता येते. तो गळतीचा आहे की जमिनीतून चढलेल्या ओलीचा, हे नंतर. व्यवसायातली माणसे आपसात अशी नावे वापरणारच, त्याला हरकत नाही. फक्त ती तक्त्याच्या ‘निरीक्षण’ या रकान्यात शिरली की निदान आधी होते आणि तपासणी नंतर. छापील तक्त्यांत तर ‘तड्याचा प्रकार’ असा रकानाच असतो आणि तो जागेवरच भरायची अपेक्षा असते. तो रकाना कोरा ठेवून दिशा, लांबी, रुंदी आणि कडांची अवस्था भरलेली बरी.

हा काटेकोरपणा कायद्याच्या अंगानेही उपयोगी पडतो. दिवाणी दाव्यात न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमू शकते, आणि तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून घेण्याची तरतूद आधी 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये होती, ती आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे. उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: हे तुम्ही पाहिले की तुम्हाला वाटले? मुंबईत जुन्या इमारतींच्या संरचना तपासणीनंतर इमारत सी-1, सी-2 किंवा सी-3 यांपैकी कोणत्या वर्गात बसते ते ठरते आणि त्यावर इमारत रिकामी करण्यापर्यंतचे निर्णय घेतले जातात. दोन सल्लागारांचे अहवाल वेगवेगळे वर्ग सांगतात तेव्हा आधी पाहायचे असते की त्यांची मोजमापे वेगळी आहेत की त्याच मोजमापांवरून काढलेले निष्कर्ष. मोजमापे वेगळी असतील तर पुन्हा जागेवर जाऊन मोजावे लागते. निष्कर्ष वेगळे असतील तर टेबलाशी बसून बोलता येते. दोन्ही भाग एकत्र कालवलेल्या अहवालांत हे ठरवताच येत नाही, आणि तिसरा सल्लागार नेमावा लागतो.